कन्सेंट ऑर्डरचा एकपानी सारांश: मर्यादा, अहवाल आणि मुदत नेमक्या कशा काढायच्या

एका रासायनिक कारखान्यात मी पहिल्यांदा पर्यावरण अधिकाऱ्याला मदत करायला गेलो, तेव्हा सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या, म्हणजे ईटीपीच्या, पॅनलशेजारी भिंतीवर एक लॅमिनेट केलेला कागद होता. त्यावर लिहिलं होतं, ‘सांडपाणी मर्यादा ५० घनमीटर प्रतिदिन’. ऑपरेटर रोज मीटर बघायचा, ४२, ४४, ४५ असे आकडे लिहायचा आणि निश्चिंत असायचा. कन्सेंटमधली, म्हणजे कारखाना चालवण्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या संमतीतली, परवानगी मात्र ४० घनमीटरची होती. ५० ही ईटीपीची डिझाइन क्षमता होती. सारांश करणाऱ्याने परिशिष्टातलं पहिलं वाक्य वाचलं, त्यातला आकडा उचलला आणि मूळ आदेशातल्या तक्त्याकडे तो वळलाच नाही. तपासणीत हे उघड झालं, नोटीस आली, आणि उल्लंघनाचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरलं ते कारखान्याचं स्वतःचंच लॉगबुक.

त्या दिवसापासून कन्सेंटचा सारांश हे काम मी टायपिंगचं समजत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची एकत्रित संमती, म्हणजे आपण ज्याला सीसीए म्हणतो ती, १९७४चा जल कायदा, १९८१चा वायू कायदा आणि २०१६चे घातक कचरा नियम अशा तीन कायद्यांचं काम एकाच आदेशात करते. त्यामुळे एकच गोष्ट दोन-तीन ठिकाणी, वेगवेगळ्या शब्दांत आणि कधी वेगवेगळ्या आकड्यांतही येते. सारांश करणाऱ्याने ही ठिकाणं एकमेकांसमोर मांडून नेमका कोणता आकडा पाळायचा ते ठरवायचं असतं.

आधी कागद जमवा

फक्त चालू कन्सेंट पुरत नाही. तिच्यानंतर आलेली दुरुस्तीपत्रं, उत्पादनात किंवा इंधनात बदलाची परवानगी, कारखाना उभारण्याची संमती म्हणजे कन्सेंट टू एस्टॅब्लिश, पर्यावरण मंजुरी असेल तर ती, आणि नूतनीकरणासाठी आपण भरलेला अर्ज हे सगळं समोर हवं. अर्ज का, तर आदेशात ‘अर्जात नमूद केल्याप्रमाणे’ असं वाक्य वारंवार येतं. अर्ज हाताशी नसेल तर त्या वाक्यामागे काय दडलंय ते कळणार नाही.

कागद तारखेप्रमाणे लावा, सगळ्यात नवा वर. दुरुस्तीपत्र ज्या कलमाला हात लावतं तेवढंच कलम बदलतं, बाकीचा आदेश तसाच राहतो. म्हणून मूळ आदेशाच्या प्रतीवर त्या कलमाशेजारी पेन्सिलने दुरुस्तीपत्राचा क्रमांक आणि तारीख टाकून ठेवा. पुढची सगळी वाचणी याच प्रतीवर करायची.

आदेश मागून पुढे वाचा

मंडळाच्या आदेशाचा साचा साधारण ठरलेला असतो. सुरुवातीच्या पानांवर मुदत, भांडवली गुंतवणूक, उत्पादनांची यादी, सांडपाण्याचा तक्ता, चिमण्यांचा तक्ता आणि घातक कचऱ्याचा तक्ता. मागे परिशिष्टं: पहिलं पाण्याचं, दुसरं हवेचं, तिसरं बँक गॅरंटीचं आणि शेवटी सर्वसाधारण अटी. बहुतेक जण पुढून वाचतात आणि सर्वसाधारण अटींपर्यंत पोचेतो थकतात. मी त्या अटी सगळ्यात आधी वाचतो, कारण अहवालांची वारंवारता तिथेच विखुरलेली असते, एखाद्या लांब वाक्याच्या शेवटी. पुढच्या पानांवरचे तक्ते डोळ्यांत भरतात, ते सुटत नाहीत. मागची वाक्यं मात्र हमखास सुटतात.

वाचताना तीन रंगांचे मार्कर घ्या. मर्यादेला एक, अहवाल वा नमुना घेण्याच्या अटीला दुसरा, तारखेला तिसरा. एका वाक्यात दोन्ही गोष्टी असतील तर दोन्ही रंग द्या. या फेरीत काहीही टाइप करू नका.

मर्यादा: आकड्यासोबत आणखी चार गोष्टी

नुसता आकडा म्हणजे मर्यादा नव्हे. प्रत्येक मर्यादेसमोर एकक, काळ, मोजायची जागा आणि कलम क्रमांक हे चारही लिहा. यातलं एखादं आदेशात नसेल तर तिथे ‘आदेशात उल्लेख नाही’ असं लिहा. स्वतःच्या अंदाजाने ती जागा भरू नका. वर्षभराने तो अंदाज कोणाचा आणि आदेश कोणाचा, हे कोणालाही ओळखता येत नाही.

उदाहरणासाठी एमआयडीसीतला एक मध्यम कारखाना धरू. तो दोन उत्पादनं करतो: पहिलं महिन्याला ८० टन, दुसरं महिन्याला ४० टन. तक्त्यात ‘एकूण १२०’ अशी ओळ नाही. म्हणजे दोन्ही मर्यादा स्वतंत्र आहेत. पहिल्याचं उत्पादन ६० टनांवर आलं म्हणून दुसरं ६० टन काढता येत नाही, बेरीज १२० भरत असली तरी. आणि मर्यादा महिन्याची आहे, वर्षाची नाही. मार्चमध्ये ऑर्डरी पूर्ण करायला ९५ टन काढले आणि एप्रिलमध्ये कमी काढले, तर मार्चचं उल्लंघन झालेलंच आहे. सारांशात मी हे सरळ लिहितो: ‘प्रत्येक उत्पादन स्वतंत्र, प्रत्येक कॅलेंडर महिना स्वतंत्र.’

आता सांडपाणी. पुढच्या तक्त्यात औद्योगिक सांडपाणी ४० घनमीटर प्रतिदिन, घरगुती ६. विल्हेवाटीच्या रकान्यात ‘सीईटीपी’, म्हणजे अनेक कारखान्यांचं सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र. पहिल्या परिशिष्टात ईटीपीची क्षमता ५०, आणि पुढे एक वाक्य: प्रक्रिया केलेल्या पाण्यापैकी २५ घनमीटर कूलिंग टॉवर आणि बॉयलरसाठी पुन्हा वापरायचं, उरलेलं १५ सीईटीपीला द्यायचं. इथे एका आकड्याच्या तीन मर्यादा होतात. ईटीपीच्या आत येणाऱ्या मीटरवर ४०, पुनर्वापराच्या लाइनवर २५ आणि सीईटीपीच्या लाइनवर १५. यातला २५ हा आकडा उलट्या दिशेचा आहे, त्यापेक्षा कमी पुनर्वापर झाला तर अट मोडते. सारांशात फक्त ‘४०’ लिहिलं असतं तर पुनर्वापराचा पंप बंद पडल्यावर सगळे ४० घनमीटर सीईटीपीला गेले असते, आणि कोणाला काही चुकलंय असं वाटलंही नसतं. म्हणून मर्यादा नेहमी मीटरच्या नावासकट लिहा. मीटरला टॅग क्रमांक असेल तर तोही.

गुणवत्तेच्या मानकांचा तक्ता उतरवताना बीओडीच्या, म्हणजे पाण्यातल्या जैविक ऑक्सिजन मागणीच्या, शेजारची चाचणीची अट सोडू नका. आदेशात बहुधा २७ अंश सेल्सिअसवर तीन दिवसांचा बीओडी असतो. प्रयोगशाळेचा अहवाल दुसऱ्या पद्धतीचा आला तर आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. आणि मानक कुठल्या बिंदूला लागू आहे हेही बघा. जमिनीवरच्या वापरासाठी, नदी-नाल्यात सोडण्यासाठी आणि सीईटीपीला देण्यासाठी मानकं वेगळी असू शकतात. शेजारच्या कारखान्याची मानकं उतरवून घेतल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

हवेच्या तक्त्यात दोन जागा निसरड्या

आपल्या कारखान्यात कोळशाचा बॉयलर आहे. दुसऱ्या परिशिष्टात लिहिलंय: कोळसा दिवसाला १० टन, गंधक ०.५ टक्के, चिमणी ३० मीटर, धूलिकण १५० मिलिग्रॅम प्रति नॉर्मल घनमीटर, सल्फर डायऑक्साइड १०० किलो प्रतिदिन.

बहुतेक सारांशांत ‘कोळसा १० टन, सल्फर डायऑक्साइड १०० किलो’ अशा दोन सुट्या ओळी असतात. पण त्या सुट्या नाहीत. गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो तेव्हा वजन दुप्पट होतं, म्हणून हिशोब असा:

```
SO2 (kg/day) = कोळसा (kg/day) × गंधक% / 100 × 2
10000 × 0.5 / 100 × 2 = 100
```

म्हणजे १० टन आणि १०० किलो हे दोन्ही ०.५ टक्के गंधक गृहीत धरूनच जुळतात. खरेदी विभागाने स्वस्त मिळाला म्हणून ०.७ टक्के गंधकाचा कोळसा आणला, तर १० टन जाळल्यावर १४० किलो होतात. कोळशाचं वजन मर्यादेत असूनही उत्सर्जन मर्यादेबाहेर. त्या कोळशाचे फक्त ७.१ टन जाळता येतील. थोडं गंधक राखेत राहतं, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा किंचित कमी येईल, पण नियोजन करताना सगळं चिमणीतून जातं असं धरणंच सुरक्षित. मी सारांशात गंधकाची मर्यादा वेगळ्या ओळीत लिहितो आणि तिच्यासमोर ‘खरेदी विभागाला प्रत’ अशी नोंद ठेवतो. ही मर्यादा पाळणं बॉयलर ऑपरेटरच्या हातात नाही, ती कोळशाच्या पर्चेस ऑर्डरवर पाळली जाते.

दुसरी निसरडी जागा म्हणजे ‘नॉर्मल घनमीटर’. चिमणीतला वायू गरम आणि फुगलेला असतो, म्हणून त्याचा घनमीटर २५ अंश सेल्सिअस आणि ७६० मिलिमीटर पारा या स्थितीला आणून मोजतात. एखाद्या अहवालात चिमणीच्या तापमानालाच मोजलेला आकडा असेल, समजा १५० अंशांना १२० मिलिग्रॅम, तर वाचणाऱ्याला तो १५०च्या आत दिसतो. पण निरपेक्ष तापमानाचं गुणोत्तर घेतलं, ४२३ भागिले २९८, म्हणजे सुमारे १.४२, तर खरा आकडा १७० येतो. अट मोडलेली आहे. सारांशात एकक पूर्ण लिहा आणि शेजारी एक ओळ टाका: ‘अहवालात नॉर्मल घनमीटर नसेल तर प्रयोगशाळेला परत पाठवा.’

घातक कचरा थोडक्यात

इथे प्रकार क्रमांक, प्रमाण, काळ आणि विल्हेवाटीचा मार्ग एवढं पुरतं. आपल्या उदाहरणात ३५.३, म्हणजे सांडपाणी प्रक्रियेतला रासायनिक गाळ, वर्षाला ६० टन, सामाईक विल्हेवाट केंद्राकडे. २०.३, म्हणजे ऊर्ध्वपातनाचा उर्वरित गाळ, वर्षाला १२ टन, जाळण्यासाठी. आदेशात नसलेला प्रकार कारखान्यात तयार होत असेल, तर तो सारांशातून गाळू नका. ‘अधिकृतता नाही’ असं लिहून वर आणा. कंत्राटदाराने दुरुस्तीनंतर ठेवून गेलेले रिकामे ड्रम, म्हणजे ३३.१, असेच सुटतात.

वर्षाची मर्यादा मी एप्रिल ते मार्च मोजतो, कारण वार्षिक विवरणपत्र त्याच काळाचं भरायचं असतं. साठवणुकीची ९० दिवसांची मर्यादा नियमांतून येते. ती आदेशाच्या तक्त्यात दिसत नाही म्हणून विसरू नका.

अहवाल: कोणी, कधी, कुठल्या काळाचा

आता दुसऱ्या रंगाच्या खुणा घ्या. सर्वसाधारण अटींत एक वाक्य हमखास भेटतं. त्यात सांडपाणी, चिमण्या आणि परिसरातल्या हवेची तपासणी ‘मासिक/त्रैमासिक’ करावी असं म्हटलेलं असतं. तिरप्या रेघेचा अर्थ काय? एकाला वाटतं दोन्हीपैकी कुठलंही चालेल, दुसऱ्याला वाटतं पाणी महिन्याला आणि हवा तिमाहीला. सारांश करणाऱ्याने इथे आपलं मत आदेशाच्या नावावर खपवू नये. मी दोन ओळी लिहितो. पहिलीत आदेशाचे शब्द जसेच्या तसे. दुसरीत कारखान्याचा निर्णय: ‘उपप्रादेशिक अधिकाऱ्यांकडून लेखी खुलासा येईपर्यंत सगळं मासिक.’ आणि खुलासा मागणारं पत्र त्याच आठवड्यात पाठवतो. पत्राची पोच सारांशाच्या फाइलला लावलेली असली, की पुढच्या तपासणीत तो प्रश्न दहा मिनिटांत मिटतो.

वार्षिक गोष्टींत दोन तारखा ठरलेल्या आहेत. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरणपत्र, फॉर्म ४, ३० जूनपर्यंत. पर्यावरण विवरणपत्र, फॉर्म ५, ३० सप्टेंबरपर्यंत. दोन्ही ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचे. नवख्या अधिकाऱ्याचा गोंधळ इथे होतो, कारण घातक कचऱ्याच्या नियमांतही फॉर्म ५ नावाचा एक वेगळा फॉर्म आहे. म्हणून सारांशात नुसतं ‘फॉर्म ५’ लिहू नका, ‘पर्यावरण विवरणपत्र’ असं पूर्ण लिहा.

अहवालाच्या प्रत्येक ओळीत शेवटच्या तारखेइतकीच महत्त्वाची असते ती माहिती गोळा करायची तारीख. पर्यावरण विवरणपत्रात प्रति टन उत्पादनामागे पाणी आणि कच्चा माल किती लागला ते द्यावं लागतं. ही माहिती स्टोअर्स आणि उत्पादन विभागाकडून येते, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ती कधीच वेळेवर येत नाही. मी ऑगस्टचा पहिला आठवडा लिहून ठेवतो.

पर्यावरण मंजुरी असेल तर सहामाही अनुपालन अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला जातो. ही अट कन्सेंटमधली नाही, पण कन्सेंटमध्ये ‘मंजुरीच्या अटी पाळाव्यात’ असं वाक्य असतं. सारांशात ती वेगळ्या गटात, स्रोताच्या नावासकट ठेवा.

मुदत एक नसते

‘कन्सेंट ३१ मार्च २०२७पर्यंत वैध’ एवढंच लिहिलं तर काम अर्धं होतं. आपल्या उदाहरणात तारखांची साखळी अशी आहे. कन्सेंट ३१ मार्च २०२७ला संपते. नूतनीकरणाचा अर्ज किमान ६० दिवस आधी, अशी अट आहे, म्हणजे ३० जानेवारी २०२७. हा शेवटचा दिवस झाला. अर्जाला जोडायचे विश्लेषण अहवाल आणि भांडवली गुंतवणुकीचं सनदी लेखापालाचं प्रमाणपत्र त्याआधी लागतं, म्हणून कामाची सुरुवात नोव्हेंबर २०२६. तिसऱ्या परिशिष्टातली पाच लाखांची बँक गॅरंटी ३१ जुलै २०२७पर्यंत, म्हणजे कन्सेंटनंतरही चार महिने जिवंत ठेवायची आहे. सीईटीपीचं आणि कचरा विल्हेवाट केंद्राचं सदस्यत्व वेगळ्याच तारखांना संपतं, आणि विल्हेवाटीचा मार्ग त्यांच्यावरच उभा आहे.

बँक गॅरंटीच्या ओळीत दोन वेगळ्या तारखा असतात: अट पूर्ण करायची तारीख आणि गॅरंटीची वैधता. समजा ‘सहा महिन्यांत ऑनलाइन मीटर बसवावा’ यासाठी ती घेतली आहे. मीटर सहा महिन्यांतच बसला पाहिजे, गॅरंटी पुढच्या वर्षापर्यंत असली तरी. या दोन तारखा एकाच रकान्यात गेल्या की पैसे जप्त होण्याची वाट मोकळी होते.

मुदतीच्या गटात मी भांडवली गुंतवणुकीचा आकडाही ठेवतो. ती तारीख नाही, पण नवी यंत्रसामग्री आली आणि गुंतवणूक आदेशातल्या आकड्याच्या पुढे गेली, तर मुदत संपायची वाट न बघता मंडळाकडे जावं लागतं. लेखा विभागाकडून वर्षातून एकदा हा आकडा मागवून घ्या.

पानावर ते कसं दिसतं

सगळं झाल्यावर बॉयलरपुरता आणि ईटीपीपुरता भाग साधारण असा दिसतो:

| बाब | आदेशातली मर्यादा | कुठे मोजायची | कलम | आमची सावधपातळी |
|---|---|---|---|---|
| ईटीपीत येणारं सांडपाणी | ४० घनमीटर/दिवस, कमाल | इनलेट मीटर | मूळ आदेश, सांडपाणी तक्ता | ३६ |
| पुनर्वापर | २५ घनमीटर/दिवस, किमान | कूलिंग व बॉयलर लाइन मीटर | परिशिष्ट १ | रोज बघायचा |
| सीईटीपीला | १५ घनमीटर/दिवस, कमाल | आउटलेट मीटर | परिशिष्ट १ | १३ |
| कोळशातलं गंधक | ०.५ टक्के, कमाल | प्रत्येक लॉटचं प्रमाणपत्र | परिशिष्ट २ | ०.४५ |
| धूलिकण | १५० मिग्रॅ/नॉर्मल घनमीटर | बॉयलर चिमणी | परिशिष्ट २ | १२० |

शेवटचा रकाना कारखान्याचा स्वतःचा आहे. तो आदेशाच्या रकान्यात कधीही मिसळू नका. नाहीतर नव्या माणसाला ३६ हीच कायदेशीर मर्यादा वाटते, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढच्या अर्जात तोच आकडा टाइप होतो.

पडताळणी: दुसरा माणूस आणि मोजपट्टी

सारांश स्वतः तपासू नका. दुसऱ्या माणसाला सारांश न दाखवता फक्त आदेश द्या आणि प्रश्न विचारा: सीईटीपीला दिवसाला किती पाणी देता येईल? कोळसा किती आणि कसला? अर्ज कधी करायचा? त्याची उत्तरं तुमच्या पानाशी जुळत नसतील, तर दोघांनी मिळून ते कलम पुन्हा वाचा. माझ्या अनुभवात दर सारांशात किमान एक फरक निघतोच.

मग पान हातात घेऊन कारखान्यात फिरा. आदेशात पाच चिमण्या आहेत आणि छतावर सहा दिसतात का? स्क्रबरच्या चिमणीला नमुना घ्यायचं छिद्र आणि चढायला शिडी आहे का? पुनर्वापराच्या लाइनवर मीटर खरोखर आहे का, की ती ओळ फक्त कागदावर आहे? आपल्या उदाहरणात मीटर नव्हता. २५ घनमीटरचा आकडा इनलेटमधून आउटलेट वजा करून लिहिला जात होता, आणि बाष्पीभवनात, गाळासोबत गेलेलं पाणीसुद्धा पुनर्वापर म्हणून मोजलं जात होतं. सारांशात तो रकाना तेव्हा ‘मीटर नाही, बसवायचा’ असा लिहिला, तारीख आणि जबाबदार व्यक्तीच्या पदासकट.

पानाच्या तळाशी आदेश क्रमांक, आदेशाची तारीख, समाविष्ट केलेली दुरुस्तीपत्रं आणि सारांशाची आवृत्ती लिहा. नवं दुरुस्तीपत्र आलं की त्याच दिवशी जुनी पानं भिंतीवरून, बॉयलर हाउसमधून आणि खरेदी विभागाच्या फाइलमधून परत गोळा करा, मोजून. चार प्रती लावल्या होत्या तर चार परत आल्या पाहिजेत.